नाव, सर्वनाम की रिकामी जागा? मराठी परिच्छेदातली पुनरुक्ती कशी काढावी

एखाद्या व्यक्तीची माहिती लिहिताना प्रत्येक वाक्य तिच्या नावाने सुरू होते, आणि मग परिच्छेद हजेरीपटासारखा वाचला जातो. हा नमुना बघा:

> सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. सावित्रीबाईंचे लग्न १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी झाले. लग्नानंतर जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई त्या शाळेत शिकवू लागल्या. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण फेकत. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली. सावित्रीबाईंचे निधन १० मार्च १८९७ रोजी झाले.

नऊ वाक्ये आणि नऊ वेळा तेच नाव. यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे नाव खोडून तिथे ‘त्या’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ घालणे. तसे करून पाहा. कंटाळा तेवढाच राहतो, शिवाय ‘त्यांनी’ म्हणजे सावित्रीबाईंनी की जोतीरावांनी, हा गोंधळ वाढतो. मराठीत क्रम उलटा लावायचा असतो: आधी जागा रिकामी सोडून बघायची, अर्थ लागत नसेल तर सर्वनाम, आणि त्यानेही भागत नसेल तरच नाव.

पहिली पायरी: क्रियापदाला विचारा

मराठी क्रियापद बऱ्याचदा कर्त्याची ओळख स्वतःच सांगते. ‘सकाळी उठते, चहा ठेवते, दूध आणायला जाते’ हे बोलणारी स्वतःबद्दल बोलत असेल, तर ‘मी’ एकदाही लागत नाही. ‘कधी आलास?’ मध्ये ‘तू’ आतच बसलेला आहे. अशा ठिकाणी कर्ता लिहिला की त्यावर जोर पडतो. ‘मी चहा घेते, ती कॉफी घेते’ अशी तुलना असेल तेव्हा तो जोर हवाच; एरवी तो उगाच खटकतो.

भूतकाळात मात्र सावध राहावे. ‘शिकल्या’, ‘आल्या’, ‘निघाल्या’ ही रूपे कर्त्याप्रमाणे बदलतात, म्हणून कर्ता गाळला तरी चालतो. पण ‘शाळा काढली’ मधले ‘काढली’ शाळेप्रमाणे चालते. ती कोणी काढली, हे क्रियापद सांगत नाही. ‘ने’ किंवा ‘नी’ लागलेला कर्ता गाळायचा असेल, तर आधीच्या वाक्याचा कर्ता तोच आहे ना, हे बघूनच गाळा. ‘तू’ला इथेही सवलत आहे: ‘चहा घेतलास?’ मधला शेवटचा ‘स’ त्याची खूण ठेवतो.

दुसरी पायरी: ‘त्यांनी’च्या जागी ‘त्या’ येईल असे वाक्य करा

आदरार्थी लिहिताना खरी अडचण इथे येते. ‘ते’ आणि ‘त्या’ यांत पुरुष की स्त्री हे कळते. पण प्रत्यय लागला की दोघांचेही ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ होते आणि भेद पुसला जातो. ‘त्यांनी त्यांना शिकवले’ हे वाक्य म्हणूनच निकामी आहे.

उपाय सर्वनाम बदलण्यात नाही, क्रियापद बदलण्यात आहे. ‘त्यांनी शिक्षण घेतले’ ऐवजी ‘त्या शिकल्या’ लिहा. ‘त्यांनी सेवा केली’ ऐवजी ‘सेवा करत होत्या’ लिहा. आता क्रियापदाचा शेवटच बाईंकडे बोट दाखवतो, आणि जोतीराव शेजारच्या वाक्यात असले तरी घोटाळा होत नाही.

‘त्या’मध्येही एक खाच आहे. ‘त्या शाळेत जात’ हे वाचताना डोळा ‘त्या शाळेत’ असे जोडून घेतो, म्हणजे ‘अमुक एका शाळेत’. ‘त्या’नंतर लगेच ‘शाळेत’, ‘घरी’, ‘गावाला’ असा शब्द येत असेल, तर शब्दांचा क्रम बदला किंवा ‘त्या’ काढूनच टाका.

तिसरी पायरी: ‘ताना’, ‘ल्यावर’ आणि ‘ऊन’ तपासा

‘शाळेत जाऊन शिकवत’ यात जाणारी आणि शिकवणारी व्यक्ती साधारणपणे एकच असते, म्हणून दुसरा कर्ता निर्धास्त गाळावा. ‘जाताना’ आणि ‘गेल्यावर’ यांत तशी हमी नाही. नमुन्यातल्या सातव्या वाक्यातली दोन्ही नावे नुसती खोडली, तर ‘शाळेत जाताना लोक शेण फेकत’ उरते, आणि शाळेत लोकच चाललेत असे वाटते. इथे वाक्य फोडावे: ‘शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण फेकत.’ ‘निघाल्या’ने बाई कळल्या, आणि अंग कोणाचे हे सांगायची गरज उरली नाही. शरीराचे अवयव, नातेवाईक, घर यांच्याआधीचे ‘त्यांच्या’ मराठीत असेच बहुधा गळते.

मालकी सांगायचीच असेल तर ‘आपला’ कामी येतो. ‘सुरेशने महेशला त्याची छत्री दिली’ यात छत्री कोणाची ते नक्की नाही. ‘आपली छत्री दिली’ म्हटले की ती सुरेशची ठरते. छत्री महेशची असेल तर ‘महेशची छत्री त्याला परत दिली’ असे सरळ लिहावे.

चौथी पायरी: नाव कुठे परत आणायचे ते ठरवा

मध्ये दुसऱ्या कोणाचे काम येऊन गेले असेल, काळ बराच पुढे सरकला असेल किंवा नवा परिच्छेद सुरू होत असेल, तर नाव पुन्हा लिहावे. तिथे ते पुनरुक्ती वाटत नाही. पुनरुक्ती टाळायला ‘या थोर समाजसेविका’, ‘ही क्रांतिज्योती’ अशी बिरुदे मात्र आलटून पालटून लावू नयेत. शालेय निबंधांत ही खोड फार दिसते. वाचक क्षणभर थांबतो, की ही आणखी कोणी दुसरी बाई आहे का.

या चारही पायऱ्या लावल्यावर परिच्छेद असा होतो:

> सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी लग्न झाले. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, जोतीरावांकडून, आणि पुढे अध्यापनाचे प्रशिक्षणही घेतले. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण फेकत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले.

नाव नऊवरून तीनवर आले. दुसऱ्यांदा ते आले, कारण मध्ये जोतीरावांनी शाळा काढली. तिसऱ्यांदा आले, कारण मधली जवळजवळ पन्नास वर्षे ओलांडली. ‘प्रशिक्षणही घेतले’ला कर्ता नाही, पण त्याच वाक्यात आधी ‘शिकल्या’ आहे, म्हणून ते खपते. तेच स्वतंत्र वाक्य करून ‘जोतीरावांकडून’च्या पुढे ठेवले असते, तर प्रशिक्षण जोतीरावांनी घेतले असेही वाटू शकले असते.

शेवटची तपासणी विषय माहीत नसलेल्या माणसाकडून करून घ्या. मजकूर त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक क्रियापदापाशी ‘कोणी?’ किंवा ‘कोण?’ एवढेच विचारा. उत्तर देताना त्याला मागची ओळ शोधावी लागली, तर तिथे नाव परत घाला.