संशोधनाची उद्दिष्टे लिहिताना या चुका टाळा

विद्यार्थ्याच्या संशोधनाचा आराखडा हातात आला की मी प्रस्तावना वाचत नाही. थेट उद्दिष्टांच्या पानावर जातो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे काम अर्ध्या मिनिटात उरकतं. बहुतेक वेळा रेघा पडतात त्या ‘अभ्यासणे’, ‘जाणून घेणे’, ‘समजून घेणे’, ‘आढावा घेणे’ या शब्दांखाली. मग मी एकच विचारतो: हे काम संपलं, हे तुम्हाला कशावरून कळणार? उत्तर आलं नाही, तर आराखडा परत.

‘अभ्यासणे’ हा काही वाईट शब्द नाही. पण अभ्यास तर अख्खा प्रबंधच असतो. उद्दिष्टाने सांगायचं असतं ते त्या अभ्यासात नेमकं काय करणार ते: मोजणार, प्रमाण काढणार, तुलना करणार, वर्गवारी करणार, की दोन गोष्टींतला संबंध तपासणार.

सगळा लेखभर एकच विषय धरून बोलतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. विषय नेहमीचा आहे: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा रात्रीचा मोबाइल वापर आणि त्यांची झोप.

‘परिणाम’ हा शब्द सहज लिहून टाकणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण तिच्यात मी स्वतः पोळलो आहे. एका विद्यार्थ्याचं तिसरं उद्दिष्ट होतं, ‘मोबाइल वापराचा झोपेवर होणारा परिणाम अभ्यासणे’. मी आराखड्यावर सही केली. त्याने मेहनतीने प्रश्नावल्या भरून घेतल्या, आलेख काढले, प्रबंध बांधून झाला. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, “आधी झोप उडाली की आधी मोबाइल हातात आला?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी टेबलाकडे.

प्रश्न अगदी रास्त होता. सगळ्या विद्यार्थ्यांकडून एकदाच, एकाच बैठकीत दोन्ही गोष्टी विचारल्या होत्या. ज्याला झोप येत नाही तोही मोबाइल बघत पडतो, आणि परीक्षेच्या ताणाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढू शकतात. एकदाच घेतलेल्या पाहणीतून मोबाइल आणि झोप बरोबरीने बदलतात का, एवढंच दिसतं. कशामुळे काय झालं ते दिसत नाही. ‘परिणाम’ म्हणायचा असेल तर काहीतरी बदलून बघावं लागतं. उदाहरणार्थ, चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट करायचे, एका गटाला ठरावीक आठवडे रात्री मोबाइल दूर ठेवायला सांगायचं, आणि सुरुवातीला व शेवटी दोन्ही गटांची झोप मोजायची. ते केलेलं नव्हतं, आणि हातात असलेल्या वेळात होणारही नव्हतं.

शेवटी उद्दिष्ट बदललं: ‘झोपण्यापूर्वीच्या तासातील मोबाइल वापर आणि झोपेची गुणवत्ता यांतील संबंध तपासणे’. दुरुस्ती एका ओळीची वाटते, पण शीर्षक बदललं, गृहीतक बदललं, आणि निष्कर्षांतलं ‘मोबाइलमुळे’ शोधून शोधून काढावं लागलं. शेवटच्या प्रकरणात ते जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होतं. तेव्हापासून ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘परिणामकारकता’ यांतला एखादा शब्द दिसला की मी आधी पद्धतीचं प्रकरण उघडतो. तिथे तुलनेचा गट किंवा निदान आधीची आणि नंतरची मोजणी नसेल, तर तो शब्द खोडतो. कुणी म्हणतं, “सर, सगळे असंच लिहितात.” लिहितात खरे, आणि मग परीक्षकांसमोर टेबलाकडे बघतात.

प्रश्नावली आधी, उद्दिष्टे नंतर

घाई असलेल्यांचा हा आवडता मार्ग. कुणाची तरी जुनी प्रश्नावली मिळते, ती भरून घेतात आणि हाती आलेल्या उत्तरांना शोभतील अशी उद्दिष्टे मागून बसवतात. कपडा आधी कापून मग माप घ्यायचं, तसं हे.

हे कसं फसतं ते बघा. पहिलं उद्दिष्ट समजा असं आहे: ‘झोपण्यापूर्वीच्या तासात विद्यार्थी मोबाइलवर सरासरी किती मिनिटे घालवतात ते मोजणे’. क्रियापद चोख आहे. पण प्रश्नावलीत पर्याय आहेत ‘१५ मिनिटांपेक्षा कमी’, ‘१५ ते ३०’ आणि ‘३० पेक्षा जास्त’. यातून नीट सरासरी निघत नाही. शेवटच्या गटातला एक जण ३५ मिनिटांचा असेल आणि दुसरा पूर्ण ६० मिनिटांचा, पण कागदावर दोघे सारखेच. ‘मोजणे’ लिहिलं आणि पद्धतीने फक्त गट पाडले. शिवाय स्वतःचा मोबाइल वापर माणसाला आठवून नीट सांगता येत नाही. फोनच्या स्क्रीन-टाइमची नोंद घेतली तर आकडा मिळतो, पण तिथेही नुसती दिवसाची बेरीज चालत नाही. आपल्याला झोपण्यापूर्वीचा तास हवा आहे, म्हणून तासवार नोंद लागते आणि विद्यार्थी किती वाजता झोपला तेही रोज लिहून घ्यावं लागतं.

मी काय करतो

एक आडवा कागद घेतो आणि चार रकाने पाडतो: उद्दिष्ट, त्याचा प्रश्न, पद्धत, आणि निष्कर्षाचं रिकामं वाक्य. चौथा रकाना ही माझी खोड आहे, पण सगळ्यात जास्त चुका तोच पकडतो. एकही माणूस भेटायच्या आधी निष्कर्षाचं वाक्य लिहायचं आणि आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या.

आपल्या विषयाचं दुसरं उद्दिष्ट घेऊ: ‘झोपेची गुणवत्ता खालावलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण काढणे’. प्रश्न: असे विद्यार्थी किती टक्के आहेत? पद्धतीच्या रकान्यात नुसतं ‘प्रश्नावली’ लिहून भागत नाही. ‘खालावलेली’ कशाला म्हणायचं? इथे पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता निर्देशांक वापरता येतो. त्यात विद्यार्थी स्वतः १९ प्रश्नांची उत्तरं देतो, एकूण गुण ० ते २१ यांमध्ये येतात, आणि गुण जितके जास्त तितकी झोप वाईट. ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे खालावलेली झोप, हा त्याचा रूढ निकष आहे. आता चौथा रकाना भरतो: ‘____ विद्यार्थ्यांपैकी ____ टक्के विद्यार्थ्यांचे गुण ५ पेक्षा जास्त होते.’ वाक्य तयार झालं, म्हणजे उद्दिष्ट जिवंत आहे.

हेच वाक्य नमुन्याचा आकारही मागतं. टक्केवारी सांगायची, तर ती किती अचूक हवी ते आधी ठरवावं लागतं. ९५ टक्के विश्वासपातळीचं नेहमीचं सूत्र असं, त्यात p म्हणजे अंदाजे प्रमाण आणि d म्हणजे चालणारी चूक:

```
n = 1.96² × p × (1 − p) / d²
```

प्रमाणाचा काहीच अंदाज नसेल तर p = 0.5 धरायचं. दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची चूक चालणार असेल तर ३८४.१६ येतात, म्हणजे ३८५ विद्यार्थी. १० टक्के चालत असेल तर ९७ पुरतात. हे गणित साध्या यादृच्छिक नमुन्याचं आहे. समोरच्या वर्गात जे बसले होते त्यांनाच कागद वाटले, तर ३८५ काय आणि ९७ काय, त्या आकड्याला आधार उरत नाही.

तिसरं उद्दिष्ट म्हणजे तेच आमचं सुधारलेलं: संबंध तपासणे. प्रश्न: झोपण्यापूर्वीची मिनिटे जास्त असलेल्यांचे गुणही जास्त असतात का? मोबाइलची मिनिटे सहसा एका बाजूला झुकलेली असतात, म्हणून आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणारा स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध मी लिहायला सांगतो. इथे रकान्यांमुळे आणखी एक गोष्ट उघडी पडते. झोपेचा निर्देशांक मागच्या महिन्याबद्दल विचारतो, आणि मोबाइलची नोंद बहुतेक जण ७ दिवसांची घेतात. एका आठवड्याचा वापर आणि महिन्याची झोप शेजारी ठेवून संबंध काढायचा का? शक्य असेल तर नोंद चार आठवडे ठेवा आणि शेवटच्या दिवशी निर्देशांक भरून घ्या. ते जमणार नसेल तर ही मर्यादा आराखड्यातच लिहा.

‘उपाय सुचविणे’

प्रत्येक आराखड्यातलं शेवटचं उद्दिष्ट. याला प्रश्न काय? पद्धत काय? रकाने रिकामेच राहतात. उपाय हे निष्कर्षांमधून निघतात, त्यांची जागा शिफारशींच्या प्रकरणात. एखादा उपाय करून बघून त्याची मोजणी करणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग तो प्रयोग झाला आणि त्याचं उद्दिष्ट तसं लिहायला हवं. ‘जनजागृती करणे’चंही तेच. ते चांगलं काम आहे, पण उद्दिष्टांच्या यादीत नको.

‘प्रश्नावली तयार करणे’ ही कामाची पायरी आहे. ते साधन घडवणं हाच तुमचा विषय असेल तरच ते उद्दिष्ट.

‘मोजणे व कारणे शोधणे’ असं दुहेरी उद्दिष्ट दिसलं की ‘व’वर कात्री चालवा. अर्ध्यासाठी आकडे लागतात, अर्ध्यासाठी मुलाखती, आणि एकाच ओळीत असले की दुसरं अर्धं गपचूप गळतं.

‘मूल्यमापन करणे’ लिहिलंत तर कोणत्या निकषावर ते त्याच ओळीत लिहा.

ब्लूमच्या यादीतून क्रियापदं उचलणे

‘मोजता येणारी क्रियापदं’ शोधायला गेलं की शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची यादी समोर येते आणि लोक त्यातली भारी वाटतील ती उचलतात. ती १९५६ची वर्गवारी शिकणाऱ्याने काय साध्य करावं यासाठी आहे. ‘आठवून सांगणे’, ‘उपयोजन करणे’ ही विद्यार्थ्याची कामं. तुमच्या संशोधनात कोण काय आठवून सांगणार आहे?

याच्या उलट टोकाची चूकही मी पाहतो. मोजता यायला हवं म्हणून सगळीकडे आकडे कोंबायचे. विद्यार्थी रात्री मोबाइल खाली का ठेवत नाहीत, हे कळून घ्यायचं असेल तर ‘कारणांची टक्केवारी काढणे’ लिहून काय मिळणार? तुम्ही दिलेल्या सहा पर्यायांपैकी एकावरची खूण मिळेल, आणि सातवं कारण कधी कळणारच नाही. तिथे ‘विद्यार्थी स्वतः सांगतात ती कारणे वर्णन करून त्यांची वर्गवारी करणे’ लिहा. पद्धत: मोकळ्या मुलाखती, ध्वनिमुद्रण, शब्दशः उतरवणं, मग बोलण्याच्या तुकड्यांना संकेत-नावं देऊन गट करणं. चौथा रकाना: ‘विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून ____ प्रकारची कारणे पुढे आली, त्यांपैकी ____ हे कारण सांगताना ते असे म्हणाले: “____”.’

अवतरणचिन्हांतली ती मोकळी जागा बघून एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “इथे मी काय भरू?” मी म्हटलं, “अजून काहीच नाही. आधी रेकॉर्डर चालतो का ते बघ.” चालत नव्हता.