संस्कृत द्विवचनाचा स्वाध्याय: उत्तरसूचीतल्या या चुका टाळा

मराठीत द्विवचन नाही. म्हणून ‘राम आणि लक्ष्मण वनात जातात’ या वाक्याचं संस्कृत करताना मुलं सहज ‘गच्छन्ति’ लिहितात. ‘लक्ष्मणः’ हा एकवचनी शब्द क्रियापदाच्या जवळ आला म्हणून काही जण ‘गच्छति’सुद्धा लिहितात. बरोबर वाक्य आहे, रामः लक्ष्मणः च वनं गच्छतः. इथे शब्दाचा शेवट पाहून भागत नाही, कर्ते मोजावे लागतात. पुरुषही असाच ठरतो: त्वं सः च गच्छथः, पण अहं त्वं च गच्छावः. स्वाध्यायात ‘बालकौ’सारखे तयार द्विवचनी कर्तेच दिले, तर ही चूक शेवटपर्यंत उघडी पडत नाही. दहापैकी निदान तीन वाक्यं ‘च’ने जोडलेल्या कर्त्यांची ठेवा.

उत्तरसूची सगळ्यात जास्त फसते ती ‘द्विवचन करा’ या सूचनेपाशी. समजा, वाक्य दिलंय: बालकः फलं खादति. सूचीत उत्तर आहे: बालकौ फले खादतः. एखाद्या मुलीनं ‘बालकौ फलं खादतः’ लिहिलं. दोन मुलगे एक फळ खातात, यात व्याकरणाची चूक कुठे आहे? तिचे गुण कापले तर तो अन्याय होईल, कारण दोष सूचनेचा आहे. ‘सर्व नामांचे व क्रियापदाचे द्विवचन करा’ असं स्पष्ट लिहा. गुण नाम आणि क्रियापद यांना वेगवेगळे द्या, म्हणजे नेमकं काय अडतंय ते कळतं.

‘फले’ची विभक्ती ओळखायला सांगणार असाल, तर तो शब्द सुटा देऊ नका. तो प्रथमा, द्वितीया किंवा संबोधनाचं द्विवचन असू शकतो आणि सप्तमीचं एकवचनही. ‘बालकाभ्याम्’चंही तसंच: तृतीया, चतुर्थी, पंचमी, तिन्हींचं रूप एकच. एकतर पूर्ण वाक्य द्या, नाहीतर सूचीत सगळी उत्तरं नोंदवा.

टंकलेखनात विसर्गाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘गच्छथः’ हे द्विवचन, पण विसर्ग गळला की ‘गच्छथ’ हे बहुवचन होतं. विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचं चिन्ह पडलं, तर कागदावर फरक जाणवत नाही, पण संगणकावर उत्तर जुळवताना बरोबर शब्दही चुकीचा ठरतो.

राहिला संधी. द्विवचनी रूपाच्या शेवटी ई, ऊ किंवा ए असेल तर पुढच्या स्वराशी संधी होत नाही. पाणिनीनं अशा रूपांना ‘प्रगृह्य’ म्हटलंय. त्यामुळे ‘मुनी अत्र’ आणि ‘फले अत्र’ तसंच राहतं. ‘मुन्यत्र’ किंवा ‘फलेऽत्र’ लिहिणं चूक. औकारान्त रूपाला ही सूट नाही, ‘बालकौ अत्र’चं ‘बालकावत्र’ होतं. सूचीत दोन्ही प्रकारचं एकेक उदाहरण शेजारीशेजारी छापा.