या चुका टाळा: निळीने पांढरे कपडे निळे किंवा करडे का होतात

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातील घराघरांत सोवळ्याची धोतरे, पांढरे सदरे आणि पूजेची वस्त्रे पेटीतून बाहेर निघतात, धुतली जातात आणि शेवटच्या पाण्यात त्यांना नीळ दिली जाते. हे काम भर पावसाळ्यात येते, कपडे उन्हाऐवजी पडवीत किंवा पंख्याखाली वाळवावे लागतात, आणि निळीच्या पाण्यात झालेली लहानशी चूक अशा वेळी कापडावर ठळक उमटते. डाग दिसताच बहुतेक जण नीळ जास्त पडली एवढेच म्हणतात. ते खरेही असते, परंतु त्याच बाटलीतील तेवढेच थेंब एका कपड्यावर निळा ठिपका पाडतात, दुसऱ्याची कॉलर करडी करतात आणि तिसऱ्यावर दिसतही नाहीत, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

नीळ मळ काढत नाही. पांढरे सुती कापड जुने होऊ लागले की त्यावर पिवळसर झाक चढते, म्हणजे ते प्रकाशातील निळा भाग थोडा कमी परत पाठवते. निळीचा जांभळट निळा रंग त्या कापडावर बसला की तो पिवळा भागही थोडा शोषून घेतो, दोन्ही बाजूंचा तोल साधतो आणि पिवळेपणा डोळ्याला जाणवेनासा होतो. या व्यवहारात कापडावरून परत येणारा एकूण प्रकाश मात्र वाढत नाही, तो किंचित कमीच होतो. कमी प्रमाणात नीळ असेल तर मनाला पांढरेपणाचा भास पुरतो. प्रमाण वाढले की प्रकाश इतका घटतो की कापड करडे दिसू लागते. करडेपणा हा निळीचा दोष नसून तिच्या कामाचाच पुढचा टप्पा आहे, आणि म्हणूनच करडे झालेले कापड पाहून आणखी नीळ घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा डिचोलीतील एका घरात एकाच बालदीत एक सुती धोतर, दोन जुने सुती सदरे आणि एक टेरिकॉटचा सदरा नीळ देण्यासाठी टाकले. बालदी पाण्याने अर्धी भरली, कपडे आत सोडले आणि वरून बाटलीतून नीळ पिळली. कपडे थोडे खालीवर केले, घट्ट पिळले आणि पडवीतील दोरीवर टाकले. दुसऱ्या दिवशी धोतरावर रुपयाएवढे दोन गडद निळे ठिपके होते, धोतराच्या मध्यावर दोरीच्या जागी एक आडवी निळसर रेघ होती, एका सदऱ्याची कॉलर आणि काखेचा भाग राखाडी झाला होता, आणि टेरिकॉटच्या सदऱ्यावर जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. ही चारही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत.

धोतरावरचे ठिपके म्हणजे न विरघळलेल्या निळीचा थेट स्पर्श होय. बाटलीतील रंग अत्यंत तीव्र असतो. कापड आधीच पाण्यात असले तरी थेंब ज्या जागी पडतो तेथील तंतू तो ढवळण्यापूर्वीच शोषून घेतात, आणि नंतर बालदी कितीही हलवली तरी तो भाग आजूबाजूच्यापेक्षा गडदच राहतो. अशा ठिपक्याची कड जरा मऊ असते, मध्यभाग गडद असतो, आणि घडीच्या पलीकडच्या बाजूला त्याचीच फिकट छाप सापडते. ती छाप सापडली की कारण निश्चित झाले असे समजावे. उपाय क्रमाचा आहे: नीळ आधी मगभर पाण्यात ढवळावी, तो मग बालदीत ओतावा, बालदी हाताने तळापासून ढवळावी आणि मगच कपडे घालावेत. निळीची भुकटी वापरणाऱ्यांनी हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण पारंपरिक भुकटीतील अल्ट्रामरीन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळतच नाही, केवळ तरंगत राहते. थोडा वेळ गेला की ते तळाशी बसते आणि तळाला टेकलेल्या कापडावर बारीक निळे कण चिकटतात.

दोरीवरची रेघ पावसाळ्याची देणगी आहे. कापड वाळताना पाणी जेथून शेवटी उडते तिकडे सरकत जाते आणि सोबत सुटा रंगही ओढून नेते. दोरीवर कापड दुमडलेले असते, तेथे हवा कमी लागते, आणि खालच्या काठाला पाणी ओघळून साठते, त्यामुळे या दोन जागा सर्वांत उशिरा वाळतात व रंग तेथे गोळा होतो. कडक उन्हात वाळवण वेगाने होते म्हणून हे सरकणे फारसे होत नाही. दमट हवेत ते तासन्‌तास चालते. यासाठी पावसाळ्यात नीळ नेहमीपेक्षा फिकट ठेवावी, कपडे चांगले पिळून घ्यावेत, दोरीवर दुमडण्यापेक्षा सदरे हँगरवर अडकवावेत, आणि धोतरासारखे लांब वस्त्र दोन समांतर दोऱ्यांवर पसरावे. अर्ध्या तासाने काठावर साठलेले पाणी हाताने पिळून काढले तर खालचा पट्टा बऱ्याच अंशी टळतो.

कॉलरची गोष्ट वेगळी आहे. तेथे नीळ जास्त पडलेली नव्हती. कापड आधीच जास्त पिवळे होते. घाम, त्वचेचे तेल आणि काखेत लावलेली प्रसाधने यांचा थर धुऊनही उरला होता, त्यावर निळा रंग चढला आणि पिवळा-निळा मिळून मळकट राखाडी छटा तयार झाली. कॉलरवर साबण नीट खंगाळला गेला नसेल तर तेथे पाणी सारखे मुरत नाही आणि छटा ढगाळ दिसते. नीळ देण्यापूर्वी कपडा दोन स्वच्छ पाण्यांतून काढावा आणि शेवटच्या पाण्यावर फेस नाही याची खात्री करावी. कॉलर ओली असताना हातात धरून उजेडात पाहावी. ती पिवळी दिसत असेल तर तिला आधी कोमट पाणी, साबण आणि ब्रशची गरज आहे, निळीची नाही.

जांभ्या दगडाच्या भागातील काही विहिरींच्या पाण्यात लोह असते आणि त्याने कपड्यांवर तपकिरी-पिवळी छटा चढते. तिच्यावर नीळ दिली की कापड हिरवट करडे होते. येथे अनेकांचा हात ब्लीचकडे जातो, पण क्लोरीनच्या ब्लीचने पाण्यातील लोहाचा गंज होतो आणि तो कापडावर अधिक पक्का बसतो. लोहाचा पिवळेपणा लिंबाच्या रसासारख्या आम्लाने काढावा, कपडा भरपूर पाण्यात खंगाळावा, आणि शेवटची धुलाई शक्य असेल तर नळाच्या पाण्यात करावी. ब्लीच आणि आम्ल एकाच बालदीत कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

टेरिकॉटच्या सदऱ्याने रंग घेतला नाही, कारण त्यातील पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणीच फारसे शिरत नाही. तो अधिक पांढरा व्हावा म्हणून थेंब वाढवले तर त्याच बालदीतील सुती कपडे बिघडतात. याच्या उलट वागतात ते रेशीम, लोकर आणि नायलॉन. द्रव निळीत सर्रास वापरला जाणारा रंग या तंतूंना घट्ट धरून बसतो, म्हणून पांढऱ्या सुती झग्याची नायलॉनची लेस झग्यापेक्षा निळी निघते. असे कपडे निळीच्या बालदीबाहेर ठेवणेच योग्य.

मग प्रमाण किती? बाटलीवर दिलेले थेंब ही वरची मर्यादा मानावी आणि सुरुवात तिच्या निम्म्याने करावी. बाजारातील बऱ्याच साबणचुऱ्यांत कापड उजळ दाखवणारी द्रव्ये आधीच असतात, त्यामुळे नव्या कपड्यांना नीळ क्वचितच लागते. निळीचे पाणी पांढऱ्या मगात घेऊन पाहावे: त्यावर आकाशी छटेची केवळ चाहूल असावी. मगाचा तळ अंधुक दिसू लागला तर पाणी वाढवावे. शंका असल्यास जुना पांढरा रुमाल बुडवून, पिळून, इस्त्रीने वाळवावा आणि दिवसाच्या उजेडात दुसऱ्या पांढऱ्या कापडाशेजारी ठेवावा. ओले कापड नेहमी गडद दिसते आणि पिवळ्या दिव्याखाली निळी झाक लपते, म्हणून ओल्यावर किंवा रात्री दिव्याखाली निर्णय करू नये. कपडे एका वेळी दोन-तीनच, ओले आणि उलगडलेले घालावेत, मिनिटभर सतत फिरवावेत आणि लगेच काढावेत. नीळ देऊन बालदी तशीच सोडून जाणे म्हणजे घड्यांच्या खुणा मागून घेणे होय.

यंत्रात नीळ वापरायची असेल तर ती पातळ करून केवळ शेवटच्या खंगाळण्यात घालावी. कपडे मऊ करणारे द्रव आणि नीळ एकाच पाण्यात एकत्र करू नयेत. दोहोंचे विद्युतभार परस्परविरुद्ध असल्याने ते गुठळ्या बांधतात आणि कपड्यावर चिकट निळे ठिपके सोडतात.

डाग पडलाच, तर तो वाळण्याआधी काढणे सर्वांत सोपे असते. कपडा लगेच भरपूर साध्या पाण्यात दोन-तीनदा खंगाळावा. वाळल्यानंतर लक्षात आले तर त्यावर इस्त्री फिरवू नये. केवळ डागाची जागा भिजवली तर तिच्याभोवती नवे वर्तुळ उमटते, म्हणून संपूर्ण कपडा साबणचुऱ्याच्या कोमट पाण्यात काही तास ठेवावा, मधूनमधून हलवावा आणि पाणी निळे झाल्यास बदलावे. सुती कापडावरची द्रव नीळ बहुधा एवढ्यावर निघते. उरलेल्या छटेसाठी, कपड्याच्या चिठ्ठीवर परवानगी असेल आणि पाण्यात लोह नसेल, तर पातळ ब्लीच शिवणीच्या आतल्या बाजूस तपासून वापरावे. रेशीम, लोकर, नायलॉन आणि ताणणाऱ्या कापडांना ते वर्ज्य आहे. भुकटीच्या कणांवर ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही. अल्ट्रामरीन आम्लात फुटते, म्हणून तेथे पांढऱ्या व्हिनेगरचे पातळ पाणी चालते. त्या वेळी सडक्या अंड्यासारखा हलका वास आला तर घाबरू नये, रंगद्रव्यातील गंधकाचा तो वास असतो. मात्र खिडकी उघडी ठेवावी. द्रव निळीचा डाग नायलॉनच्या लेसवर असेल तर व्हिनेगर कटाक्षाने टाळावे, कारण आम्लामुळे तोच रंग तेथे अधिक घट्ट बसतो.

पावसाळ्यात दिसणारे सगळेच करडे डाग निळीचे नसतात. टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके समूहाने आणि कुबट वासासह दिसले तर ती बुरशी असते. तिच्यावर नीळ घालून काही साधत नाही, आणि साध्या भिजवण्यानेही ती जात नाही. अशा सुती कपड्याला साबणासह गरम पाण्याची धुलाई आणि पहिल्या उघडिपीचे ऊन द्यावे लागते.