दाखल्यावर एक नाही, तीन तारखा असतात

जन्मदाखल्याचा फोटो बघायचा आणि बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, नोंदणी क्रमांक अशा चार गोष्टी ठरलेल्या चार रकान्यांत भरायच्या. हे काम मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मी मनात म्हटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पहिल्या दिवशी एकवीस नोंदी केल्या आणि संध्याकाळी त्या सगळ्या परत आल्या. नोंदणी क्रमांक म्हणून मी प्रत्येक दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यातला लाल छापील आकडा घातला होता. तो कागदाचा क्रमांक होता. कोरे दाखले छापून येतात तेव्हाच तो त्यांच्यावर असतो. बाळाशी त्याचा काही संबंध नसतो. त्याच बाळाचा दाखला पुन्हा काढला तर लाल आकडा बदलतो, नोंदणी क्रमांक मात्र तोच राहतो.

आमच्या टेबलावरच्या ज्येष्ठ ताई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अगं, आकडा नंतर वाच. आधी त्याच्या शेजारी काय छापलंय ते वाच." आज नव्याने येणाऱ्यांना मी तेच सांगते, कारण या कामातल्या बहुतेक चुका अक्षर न लागल्यामुळे होत नाहीत. आकडा अगदी बरोबर वाचलेला असतो, तो दुसऱ्याच ओळीचा असतो.

एका दाखल्यावर साधारणपणे तीन तारखा सापडतात. पहिली जन्माची. दुसरी नोंदणीची, म्हणजे जन्म दप्तरात चढवला तो दिवस. तिसरी दाखला दिल्याची, जी सहीशिक्क्याजवळ असते आणि जन्मानंतर कित्येक वर्षांची असू शकते. क्रमांकांचंही असंच. नोंदणी क्रमांक, कागदाचा क्रमांक, कधी अर्जाचा किंवा पावतीचा क्रमांक. ठिकाणं तर चार निघतात: माथ्यावर नोंदणी कार्यालयाचं, मध्ये जन्मस्थळ, खाली आईवडिलांचा जन्माच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता. घाईत डोळा पत्त्यावर जातो, कारण पत्ता लांब असतो आणि ओळखीचा वाटतो. पण बाळंतपण माहेरी झालं असेल तर जन्मस्थळ आणि पत्ता यांचा मेळ बसणारच नाही, आणि बसवायचाही नाही.

पुढचा एक दाखला मी नवीन माणसाला नेहमी दाखवते. अर्थात ओळख पटेल असं सगळं काढून टाकून.

दाखला मराठी-इंग्रजी छापील नमुन्यावर हाताने भरलेला. लॅमिनेशन केलेला, आणि फोटो फ्लॅश लावून काढलेला, त्यामुळे मधोमध पांढरा डाग. जन्मतारखेच्या ओळीत मला दिसलं ०१/०३/२००९. नोंदणीची तारीख १७/०३/२००९. दाखला दिल्याची तारीख ११/०६/२०१४. नोंदणी क्रमांकाच्या ओळीत एक, मग डागाखाली अर्धवट दिसणारा आकडा, मग सात, तिरकी रेघ आणि २००९. नावाच्या ओळीत नुसती आडवी रेघ. सोबतच्या अर्जावर मात्र बाळाचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात.

आधी जन्मतारीख. मराठी हस्ताक्षरात १ आणि ९ ही जोडी सगळ्यात फसवी. दोन्हींना वर गोल, खाली शेपूट. घाईत लिहिणाऱ्याचा ९ पुष्कळदा एकासारखाच दिसतो. अशा वेळी तो आकडा आणखी मोठा करून बघण्यात वेळ घालवू नका, त्याच हातचे इतर आकडे शोधा. या दाखल्यावर १७ मधला १ होता आणि २००९ मधला ९ होता. शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं की या लिपिकाचा १ सरळ खाली उतरतो आणि ९ ला मध्ये एक छोटा झटका असतो. जन्मतारखेतल्या आकड्याला तो झटका होता. म्हणजे ०९/०३/२००९. काही दाखल्यांवर तारीख अक्षरीही लिहिलेली असते, तशी असेल तर आधी तीच बघावी. "नऊ" आणि "एक" यांत घोटाळा होत नाही. इथे ती ओळ फ्लॅशच्या डागात गेली होती, फक्त सुरुवातीचा "न" दिसत होता. तेवढा पुरला. मार्चच्या नऊ तारखेशिवाय इथे न पासून सुरू होणारं काही बसत नव्हतं.

एक काम मात्र राहिलं होतं. नऊ मार्च की तीन सप्टेंबर? आपल्याला दिवस आधी लिहायची सवय आहे, पण अमेरिकेत महिना आधी लिहितात, आणि सगळे नमुने सारखे नसतात. याचं उत्तरही त्याच कागदावर होतं. नोंदणीच्या तारखेत १७ पहिल्या जागी आहे. सतरावा महिना नसतो, म्हणजे या कागदावर दिवस आधी. शिवाय तीन सप्टेंबरला जन्मलेल्या बाळाची नोंदणी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये होणं शक्य नाही. तीन तारखांचा क्रम जन्म, नोंदणी, दाखला असाच लागला पाहिजे. तो उलटा लागला तर तुमचा कुठला तरी आकडा चुकलाय, किंवा ओळ चुकलीये. मी प्रत्येक नोंद संपवताना हा क्रम बघते. रकान्यात एकच तारीख भरायची असली तरी तिन्ही वाचते.

आता नोंदणी क्रमांक. डागाखालचा आकडा १ की ९? म्हणजे ११७/२००९ की १९७/२००९? पुष्कळ ठिकाणी नोंदणी क्रमांक दर वर्षी एकपासून नव्याने सुरू होतो आणि क्रमाने वाढत जातो. त्याच कार्यालयाचे, त्याच वर्षीचे दोन दाखले आमच्याकडे आधी आलेले होते. १२ मार्चला नोंदलेल्याचा क्रमांक १८८, आणि मार्चच्या अखेरीस नोंदलेल्याचा २१४. १७ मार्चची नोंद या दोघांच्या मध्येच असणार. ११७ बसत नाही, १९७ बसतो.

मला वाटलं, सुटलं कोडं. टंकायला घेतलं तर ताईंनी हात धरला. म्हणाल्या, "हे तू कागदावर वाचलंस की हिशोबाने काढलंस?" हिशोबाने काढलं होतं. फरक असा, की जन्मतारखेतला ९ फोटोत दिसत होता, मी तो फक्त ओळखला. क्रमांकातला मधला आकडा ओळखता येईल इतका दिसतच नव्हता. हिशोबाने काढलेला आकडा बरोबर असला तरी तो दाखल्यावरून घेतलेला नसतो, आणि आमच्या नोंदीचा अर्थच "दाखल्यावर हे लिहिलंय" असा आहे. हिशोबाचा उपयोग शंका घ्यायला करायचा, रकाना भरायला नाही. आम्ही फोटो परत मागवला. फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, कागद थोडा तिरका धरून. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा असंही कळवलं, कारण फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि बारीक अक्षरं आधी जातात. नव्या फोटोत १९७ स्वच्छ दिसला. पण तो दिसला म्हणून लिहिला.

याच हिशोबाचा उलटा धोकाही आहे. क्रमांकातलं वर्ष जन्मवर्षाशी जुळलंच पाहिजे असं नाही. नोंदणी उशिरा झाली तर २००९ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या क्रमांकात २०१२ असू शकतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाने अशी दोन-तीन वर्षं "दुरुस्त" केली होती, अगदी प्रामाणिकपणे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला जन्म पुढच्या वर्षीच्या क्रमांकात जाणं तर नेहमीचंच.

राहिलं नाव. नोंदणी पुष्कळदा बारशाच्या आधीच होते, म्हणून नावाची जागा कोरी किंवा रेघ मारलेली राहते. अर्जावर नाव आहे, आईवडिलांनीच लिहिलंय, खरंही आहे. तरी ते रकान्यात जात नाही. दाखल्यावर नाव नाही हीच इथली माहिती आहे. ती दिसली तर पुढचा माणूस पालकांना सांगू शकतो की नाव चढवून दाखला नव्याने घ्या. आपण अर्जावरचं नाव भरून टाकलं तर ही अडचण लपते आणि नको त्या वेळी बाहेर येते. "रेघ", "नाव नाही", "लागू नाही" असले शब्दही घालू नका. उद्या कुणीतरी "नाव नाही" हेच बाळाचं नाव समजून यादी छापेल. हसू नका, छापलेली आहे.

कोरं आणि न लागणारं यांत मात्र फरक ठेवायचा. दाखल्यावरच जागा रिकामी असेल तर रकाना `null`, म्हणजे इथे काहीच नाही अशी खूण. अक्षर आहे पण लागत नाही, तर `null` नाही. नोंद अडवून ठेवायची आणि फोटो परत मागवायचा. मराठी आणि इंग्रजी ओळीतलं नाव वेगळं निघालं, मराठीत मृण्मयी आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मृन्मई, तर तुमच्या नमुन्यात जी लिपी ठरलेली असेल ती ओळ जशीच्या तशी उतरवा आणि तफावत शेऱ्यात कळवा. दोन्हींचा सुवर्णमध्य काढू नका.

वरच्या दाखल्याची नोंद शेवटी अशी झाली:

```
{
  "child_name": null,
  "date_of_birth": "2009-03-09",
  "place_of_birth": "जन्मस्थळाची ओळ, जशी आहे तशी",
  "registration_number": "197/2009"
}
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, कारण नमुना तसा ठरलेला आहे आणि त्या क्रमात दिवस-महिन्याचा गोंधळ उरत नाही. आकडे इंग्रजी, हेही ठरलेलं. देवनागरीतून इंग्रजीत आणताना ४ ला जपा. घाईत लिहिलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि एकाच दाखल्यावर दोन्ही प्रकारचे आकडे असले की हात फसतो.

नोंदणी क्रमांक अवतरणचिन्हांत आहे ते उगाच नाही. तो क्रमांक म्हणवला जात असला तरी त्याला मजकूर म्हणूनच वागवायचं. एक्सेलमध्ये सरळ `7/2009` टंकलंत तर ते जुलै २००९ असं समजून तारीख करून टाकतं. `000123` लिहिलंत तर सुरुवातीची शून्यं जातात. पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर सोळाव्यापासून पुढचे अंक शून्य होतात, आणि हे सगळं काहीही न विचारता. १९७ ला काही होत नाही, म्हणून महिनाभर आमच्या लक्षातच आलं नाही. मग एकदा जानेवारीतले दाखले आले, बाराच्या आतले क्रमांक, आणि रकान्यात एकाखाली एक महिन्यांची नावं. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी मी तो अख्खा स्तंभ टेक्स्ट करून घेते. नंतर केला तर उपयोग नसतो, मूळ अक्षरं तोवर गेलेली असतात.

आणि काम झालं की फोटो आपल्या फोनमधून काढून टाका, गॅलरीतून आणि चॅटमधून, दोन्हीकडून.