जर्नल क्लबमध्ये पेपर मांडताना या चुका टाळा : लेप्टोच्या गोळीचा पेपर घेऊन

सिंधुदुर्गात भातलावणी सुरू झाली की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, विषय निघतोच. दिवसभर खलाटीच्या चिखलात उभं राहायचं, पायाला कुठेतरी चिरा पडलेल्या, आणि त्याच पाण्यात उंदरांचं मूत्र. मग आठवड्याला डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यावी का, असा प्रश्न येतो. त्यामुळे इकडच्या एम.एस्सी.च्या मुलांना जर्नल क्लबसाठी पेपर निवडायला सांगितला की या गोळीवरचे दोन जुने पेपर हमखास पुढे येतात. दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही मांडताना मुलं त्याच त्या ठिकाणी अडकतात.

पहिला तकाफुजी आणि सहकाऱ्यांचा, 1984 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. पनामाच्या जंगलात साधारण तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेलेले 940 अमेरिकन सैनिक. काहींना आठवड्याला 200 मिलिग्राम डॉक्सीसायक्लिन, काहींना प्लासिबो. प्लासिबो गटात लेप्टोचे 20 रुग्ण, म्हणजे 4.2 टक्के; गोळीच्या गटात एकच, 0.2 टक्के. दुसरा सहगल आणि सहकाऱ्यांचा, सन 2000 चा, उत्तर अंदमानातला. तिथे लेप्टो नेहमीचाच. एकूण 782 माणसं, 386 जणांना तीच साप्ताहिक मात्रा, 396 जण प्लासिबोवर. इथे संसर्गाच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण 3.11 टक्के विरुद्ध 6.82 टक्के, आणि हा फरक लक्षणीय होता.

अंदमानच्या या एका निष्कर्षावर बहुतेक सादरीकरणं घसरतात. म्हणून पुढे तोच पेपर धरून बोलतो.

पद्धतीच्या स्लाइडवर सगळं असतं, काय मोजलं तेवढं नसतं

‘रँडमाइझ्ड, कंट्रोल्ड, 782 सहभागी, साप्ताहिक 200 मिलिग्राम’ एवढं लिहिलं की पद्धत संपली असं मुलांना वाटतं. मग निकालाची स्लाइड येते, ‘संसर्गात फरक नाही, आजारात फरक आहे’ असं वाक्य येतं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, “म्हणजे नक्की काय? गोळी खावन उपेग काय?” बोलणारा थबकतो. निकाल दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि त्या दोन गोष्टी पद्धतीच्या स्लाइडवर कधी आल्याच नव्हत्या.

लेप्टोमध्ये संसर्ग झाला की नाही हे बहुतेक अभ्यासांत रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ठरवतात. नेहमीची चाचणी मॅट, म्हणजे मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट. आधी नसलेले प्रतिपिंड नंतर दिसले, किंवा जोडीच्या दोन नमुन्यांत पातळी चौपट वाढली, तर नवा संसर्ग धरतात. यातल्या पुष्कळ जणांना ताप येतच नाही. ‘आजार’ म्हणजे मात्र लक्षणं: ताप, अंगदुखी, डोकेदुखी, डोळे लाल होणं, आणि पेपरच्या व्याख्येत असेल तर त्यासोबत प्रयोगशाळेची खात्री. पहिल्या प्रकारात रक्त बोलतं, दुसऱ्यात आधी रुग्ण बोलतो.

म्हणून पद्धत वाचायला सुरुवात डिझाइनपासून न करता आउटकमपासून करा. पेपरमधला प्रत्येक आउटकम एकेका ओळीत लिहा: तो कशाने मोजला, कधी मोजला, मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत होतं का. या तीन प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर पेपरात सापडत नाही तिथे ‘दिलेलं नाही’ असंच लिहा. ती ओळ पुढे मर्यादांत कामाला येते. मग रँडमायझेशन, ब्लाइंडिंग, मात्रा वगैरे भराभर सांगून टाका. जर्नल क्लबमध्ये बसलेल्यांना रँडमायझेशनची व्याख्या नको असते, ते कोणी आणि कसं केलं एवढंच हवं असतं.

टक्के सांगितले, पण टक्के कशाचे?

निकालाच्या स्लाइडवर पेपरमधला तक्ता जसाच्या तसा चिकटवणं ही सगळ्यात सर्रास चूक. मागच्या रांगेला तो वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर पुढच्या रांगेतलेही तो वाचत नाहीत. त्याऐवजी एका आउटकमचा आकडा घ्या आणि तो उलगडा.

आधी पडताळणी. 386 चे 3.11 टक्के काढा: 12.0. 396 चे 6.82 टक्के: 27.0. दोन्ही पूर्णांक आले, म्हणजे टक्के त्या-त्या गटातल्या सगळ्या माणसांवरच काढलेले आहेत. हे गणित करून 11.4 किंवा 25.7 असं काही आलं असतं, तर मध्ये कुठेतरी माणसं गळली आहेत आणि छेद बदलला आहे असं समजून मजकुरात परत शोधायला लागायचं. कागद-पेन्सिलीचं काम आहे, पण इतर पेपरांत गळती याच युक्तीने पकडता येते.

आता आकड्याचा अर्थ. शंभरातले साधारण सात आजारी पडत होते, ते तीनवर आले. फरक 3.71 टक्के-बिंदूंचा. म्हणजे एक आजारी पडायचा वाचवण्यासाठी सुमारे 27 जणांना गोळ्या द्याव्या लागल्या. सापेक्ष भाषेत सांगायचं तर धोका 54 टक्क्यांनी घटला. फक्त ‘54 टक्के घट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला निम्मं गाव वाचल्यासारखं वाटतं, फक्त ‘3.71’ म्हटलं की काहीच झालं नाहीसं वाटतं. दोन्ही सांगा, आणि आधी 12 आणि 27 ही माणसं सांगा.

त्यानंतर अनिश्चितता. 12 आणि 27 हे आकडे लहान आहेत. त्यांवरून सापेक्ष जोखमीचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण 0.23 ते 0.89 येतो, म्हणजे घट 77 टक्के असू शकते आणि 11 टक्केसुद्धा. ‘पी व्हॅल्यू लक्षणीय आहे’ या वाक्यात हे काही कळत नाही. मात्र हा इंटरव्हल तुम्ही काढलेला असेल तर स्लाइडवर ‘आकडेमोड सादरकर्त्याची’ असं बारीक अक्षरात लिहा. लेखकांच्या तोंडी आपलं गणित घालायचं नाही.

इथेच पनामाचा पेपर शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. तिथे परिणामकारकता 95 टक्के, इथे 54. मुलं लगेच म्हणतात, ‘सैनिकांत गोळी जास्त चालली.’ पण टक्के-बिंदूंतला फरक पनामात 4.0 आणि अंदमानात 3.71. एकाला वाचवायला तिकडे 25, इकडे 27. जवळजवळ सारखंच! अर्थात पनामात काही आठवडेच मोजलं होतं, दोन्ही ठिकाणचा कालावधी आणि आजाराची व्याख्याही सारखी धरता येत नाही, म्हणून 25 आणि 27 यांचीही थेट बरोबरी करू नये. एवढं मात्र दिसतं की सापेक्ष टक्क्यांवरून दोन पेपरांची शर्यत लावणं धोक्याचं आहे.

आणि ‘संसर्गात लक्षणीय फरक नाही’ याचं ‘गोळीने संसर्ग थांबत नाही’ असं भाषांतर करू नका. फरक सापडला नाही, इतकंच पेपर म्हणतो. दोन्ही गटांचे आकडे आणि त्यांची रुंदी बघितल्याशिवाय त्यापुढे एक पाऊलही टाकता येत नाही.

मर्यादा उतरवून काढणं

‘नमुना लहान, एकाच भागातला, अधिक संशोधनाची गरज.’ ही स्लाइड भाताच्या जातींवरच्या पेपरलाही चालेल आणि बांगड्याच्या साठवणुकीवरच्या पेपरलाही. म्हणूनच ती निरुपयोगी. लेखकांनी चर्चेच्या शेवटी दिलेल्या मर्यादा वेगळ्या सांगा, ‘लेखक म्हणतात’ असं म्हणून. त्यांत तुमची एक तरी घाला, आणि ती निकालाला कोणत्या बाजूला ढकलेल ते सांगा. दिशा सांगता आली नाही तर ती मर्यादा तुम्हाला अजून नीट कळलेली नाही.

अंदमानच्या पेपरवर हे करून बघू. संसर्गात लक्षणीय फरक नाही पण आजार निम्मा, याची सरळ शक्यता अशी की गोळी जंतूंना शरीरात शिरू देते पण वाढू देत नाही, म्हणून प्रतिपिंड तयार होतात पण ताप येत नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. आता दुसऱ्या शक्यता घ्या.

डॉक्सीसायक्लिन स्क्रब टायफसवरही चालतं, आणि त्याचा ताप सुरुवातीला लेप्टोसारखाच दिसू शकतो. समजा आजाराची व्याख्या फक्त लक्षणांवर आहे. तर गोळीच्या गटात दुसरेही ताप कमी झाले असतील आणि सगळं श्रेय लेप्टोच्या खात्यात पडलं असेल. ही मर्यादा परिणाम फुगवणारी आहे. मात्र आजाराच्या व्याख्येत प्रयोगशाळेची खात्री असेल तर ही शंका बरीचशी गळून पडते. म्हणजे तुमच्या पद्धतीच्या स्लाइडवरची ‘कशाने मोजला’ ही ओळ इथे निकाल देते.

ब्लाइंडिंग कच्चं असेल तर? डॉक्सीसायक्लिनने मळमळतं, त्यामुळे आपल्याला खरी गोळी मिळाली हे काहींना कळू शकतं. आपण सुरक्षित आहोत असं वाटणारा माणूस बारीक ताप सांगायला येत नाही. आजाराचा आकडा यामुळे हलेल, रक्तातले प्रतिपिंड हलणार नाहीत. निकालाचा नमुना नेमका असाच आहे, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा. तेच झालं असं मात्र म्हणायचं नाही.

तिसरी शक्यता एका विद्यार्थिनीने मांडली होती: प्रतिजैविक लवकर मिळालं तर प्रतिपिंड कमी तयार होतात, मग मोजणी चुकली असेल. मुद्दा खरा आहे, पण दिशा बघा. तसं झालं असतं तर गोळीच्या गटात संसर्ग खोटाच कमी दिसला असता. इथे तर तो लक्षणीय कमी दिसलाच नाही. तेव्हा ही मर्यादा या निकालाचं स्पष्टीकरण देत नाही. ती स्लाइडवरून काढायची, प्रश्नोत्तरांसाठी खिशात ठेवायची.

आपल्याकडे लागू होतं का

हा प्रश्न कोकणात येणारच, त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. पनामातले सैनिक बाहेरून थोड्या दिवसांसाठी आलेले. लावणी करणारी बाई दरवर्षी त्याच कुणग्यात उतरते आणि तिच्या रक्तात जुने प्रतिपिंड असू शकतात. त्या अर्थाने अंदमान आपल्याला जवळचं. सोबत हेही सांगा की 2009 च्या कॉक्रेन समीक्षेत या चाचण्या एकत्र पाहिल्यावर फायदा अस्पष्ट आणि मळमळ-उलटीचा त्रास मात्र वाढलेला दिसला. एका पेपरच्या सादरीकरणात एवढा संदर्भ पुरे, समीक्षा उलगडत बसू नका.

शेवटची स्लाइड साधारण अशी जमते: ‘लेप्टो नेहमीचा असलेल्या भागात 782 जणांत साप्ताहिक 200 मिलिग्राम डॉक्सीसायक्लिनने आजारी पडणारे 27 वरून 12 वर आले (गट 396 आणि 386). संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. आजाराची व्याख्या आणि ब्लाइंडिंग किती पक्कं, यावर पहिल्या निकालाचा भरवसा अवलंबून आहे.’ ‘आले’ आणि ‘आढळला नाही’ ही क्रियापदं मुद्दाम तशी आहेत. ‘सिद्ध झालं’ लिहिलंत तर गाइड खोडतील, आणि बरोबरच करतील. वेळ कमी पडला तर प्रस्तावनेच्या स्लाइड कापा. लेप्टो उंदरांमुळे होतो हे सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वर्गात सांगावं लागत नाही.