सोर्स तापवायचा की सिंक थंड करायचा? कार्नो इंजिनाच्या एका प्रश्नाबद्दल

गेटची तयारी करताना थर्मोडायनॅमिक्समधल्या या एका प्रश्नाशी मी फार झगडलो, आणि अजूनही तो समोर आला की आधी श्वास घेऊन शब्द नीट वाचतो. प्रश्न साधा दिसतो: आदर्श रिव्हर्सिबल इंजिनाची कार्यक्षमता सोर्सचं तापमान वाढवून जास्त सुधारते की सिंकचं तापमान कमी करून? क्लासच्या नोट्समध्ये एका ओळीचं उत्तर असतं: 'सिंक कमी करा'. ही ओळ पाठ करू नका. तिच्यातली अट गळून पडलेली असते आणि परीक्षेत गुण त्या अटीवरच जातात.

सूत्र तुम्हाला माहीतच आहे: η = 1 − T2/T1, तापमानं केल्विनमध्ये. T2/T1 हा वाया जाणाऱ्या उष्णतेचा वाटा, हे मात्र डोक्यात पक्कं असू द्या. सोर्स ६०० केल्विन आणि सिंक ३०० केल्विन घ्या. निम्मी उष्णता वाया जाते, कार्यक्षमता ५० टक्के.

आता सोर्स १०० केल्विनने वाढवा. ३००/७०० म्हणजे ४२.९ टक्के वाया, कार्यक्षमता ५७.१ टक्के. त्याऐवजी सिंक १०० केल्विनने उतरवा. २००/६०० म्हणजे ३३.३ टक्के वाया, कार्यक्षमता ६६.७ टक्के. फरक मोठा आहे आणि कारण सरळ आहे: तेच १०० केल्विन ३०० चा तिसरा हिस्सा आहेत, ६०० चा मात्र सहावाच. डेरिव्हेटिव्ह घेतलंत तर सोर्सच्या बाजूला T2/T1² येतो, सिंकच्या बाजूला 1/T1. दोन्हींचं गुणोत्तर T1/T2. सोर्स नेहमीच जास्त गरम असतो, म्हणून प्रत्येक अंशामागे सिंकच सरस. इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही.

सापळा 'समान' या शब्दात आहे. सिंक सरस ठरतो तो दोन्हीकडचा बदल सारख्याच केल्विनचा असेल तेव्हा. प्रश्नात 'सोर्सचं तापमान दुप्पट केलं किंवा सिंकचं निम्मं केलं' असं असेल तर? १ − ३००/१२०० आणि १ − १५०/६००, दोन्ही ७५ टक्के. उत्तर 'सारखंच'. सोर्स १०० ने वाढवला आणि सिंक ३० नेच उतरवला, तर सोर्स जिंकतो: ५७.१ विरुद्ध ५५ टक्के. बरोबरीचा बिंदू शोधायचा असेल तर दोन्ही गुणोत्तरं समान मांडा. आपल्या उदाहरणात सिंक सुमारे ४३ केल्विनने उतरला की सोर्सच्या १०० केल्विनच्या वाढीशी बरोबरी होते. ही संख्या एकदा स्वतः काढा. शॉर्टकटवर माझा राग आहे तो यासाठीच: मांडणीला अर्धं मिनिट लागतं आणि ती कुठल्याही शब्दरचनेत चालते.

सेल्सिअसमध्ये आकडे टाकू नका, हे वेगळं सांगायला नको. ३२७ आणि २७ अंश तसेच टाकले तर कार्यक्षमता ९२ टक्के येते. एवढं मोठं उत्तर दिसलं की आधी एकक तपासा.

इथे एक प्रामाणिक शंका येते: सिंक इतका फायदेशीर असेल तर तो रेफ्रिजरेटरने का गार करत नाहीत? मला हे एका सीनियरने हाताने गणित करायला लावून पटवलं, आणि माझ्या मते मार्गदर्शक असाच हवा, उत्तर न सांगणारा. सोर्सकडून ६०० जूल घ्या. सिंक २०० केल्विनवर ठेवला तर ४०० जूल काम मिळतं आणि २०० जूल सिंकमध्ये पडतात. भोवतालची हवा ३०० केल्विनवर आहे, म्हणजे ते २०० जूल २०० केल्विनवरून ३०० केल्विनपर्यंत उपसावे लागतील. आदर्श रेफ्रिजरेटरला त्यासाठी २०० × १००/२०० म्हणजे १०० जूल काम लागतं. हातात उरले ३०० जूल, म्हणजे पुन्हा ५० टक्केच. सगळं आदर्श असूनही कमाई शून्य, आणि खरं यंत्र असेल तर चक्क तोटा.

म्हणून 'व्यवहारात काय करतात' असं विचारलं तर उत्तर उलटतं. औष्णिक वीजकेंद्रात कंडेन्सरची वाफ थंड करणारं पाणी नदीचं किंवा कूलिंग टॉवरचं असतं, त्यामुळे सिंक भोवतालच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. कंडेन्सरमध्ये सुमारे ०.१ बार दाब असेल तर वाफ ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप होते. त्याखाली उतरायला जागा थोडीच उरते. वाढवायला मोकळीक आहे ती सोर्सकडे, तीही बॉयलरच्या नळ्यांचा धातू किती ताप सहन करतो तिथपर्यंतच. प्रश्नात 'आदर्श इंजिन' आणि 'समान बदल' असेल तर सिंक लिहा. 'व्यवहारात' असेल तर सोर्स लिहा आणि सिंकला भोवतालची मर्यादा असते हे कारण जोडा.