सोलर ट्रॅकर: अठरा टक्के जास्त वीज कागदावर, हातात किती? या चुका टाळा

मोठ्या सौर प्रकल्पात पॅनेल एका जागी स्थिर बसवायची की सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणाऱ्या एकअक्षीय ट्रॅकरवर, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एका टक्केवारीवर ठरतं. सॉफ्टवेअर सांगतं, अठरा टक्के जास्त वीज. मग हिशेब तिथेच थांबतो. खरा प्रश्न मात्र असा असायला हवा: किमान किती टक्के जास्त वीज मिळाली तर फिरणाऱ्या भागांचा खर्च फिटेल? याला मी बरोबरीचा आकडा म्हणतो.

तो काढायला साधं गणित पुरतं. स्थिर प्रकल्पाचा उभारणी खर्च 100 धरा आणि त्याची वर्षाची वीजही 100 धरा. भांडवलाचा वार्षिक बोजा, म्हणजे हप्ता आणि परतावा मिळून, 10 टक्के धरू. देखभाल 1.5. वर्षाचा एकूण खर्च 11.5 झाला. आता ट्रॅकर लावला की उभारणी 108 होते आणि देखभाल 2.0, म्हणजे वर्षाचा खर्च 12.8. भागाकार केला तर 12.8 ÷ 11.5 = 1.113. अकरा पूर्णांक तीन टक्के जास्त वीज मिळाली की बरोबरी होते, आणि त्यापुढचं सगळं नफ्यात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या निविदेतले आकडे घालून पाहा. अठरा आणि अकरा यांत अंतर भरपूर दिसतं, पण ते कसं वितळतं ते पाहू.

चूक पहिली: इन्व्हर्टरचा माथा विसरणं

ट्रॅकरची जादू दुपारी नसते. बाराच्या सुमारास पॅनेल जवळजवळ आडवं असतं, आणि विषुववृत्तापासून लांबच्या जागी हिवाळ्यात ते दक्षिणेकडे (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे) कललेल्या स्थिर पॅनेलपेक्षा दुपारी कमीसुद्धा देतं. फायदा सकाळ-संध्याकाळचा असतो आणि उन्हाळ्यात जास्त. पण पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी बदलणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर, आणि पॅनेलची क्षमता त्याच्यापेक्षा चाळीस टक्के जास्त ठेवली असेल, तर सकाळी लवकरच इन्व्हर्टर कमाल मर्यादेला टेकतो आणि ट्रॅकरने आणलेली वीज वरच्या वर कापली जाते. म्हणून तुलना कापणीनंतरच्या विजेची करावी, पॅनेलवर पडलेल्या उन्हाची नव्हे. आपल्या उदाहरणात यात अडीच टक्के गेले असं धरू. उरले साडेपंधरा.

चूक दुसरी, आणि सर्वात महाग: रांगा एकमेकींवर सावली टाकतात हे उशिरा कळणं

सूर्य क्षितिजाजवळ असताना ट्रॅकर थेट त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला, तर पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते. म्हणून ट्रॅकर फिरवणारा कंट्रोलर मुद्दाम उलट वागतो: पहाटे पॅनेल आडवं ठेवतो, सूर्य वर येईल तसं पूर्वेकडे तिरपं करतो आणि मग त्याच्यामागे निघतो. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. सपाट जमिनीवर याची कसोटी सोपी आहे. पॅनेलची रुंदी भागिले दोन रांगांमधलं अंतर, हा आकडा घ्या. रुंदी 2.4 मीटर आणि अंतर 6 मीटर असेल तर 0.4. ट्रॅकर सूर्याला सामोरा असताना त्याच्या आडव्यापासून मोजलेल्या कोनाचा कोसाइन यापेक्षा खाली गेला, म्हणजे कोन साधारण 66 अंशांपलीकडे गेला, की सावली सुरू. जमीन वाचवायला अंतर 4.8 मीटर केलं तर तीच मर्यादा 60 अंशांवर येते, म्हणजे बॅकट्रॅकिंग रोज जास्त वेळ चालतं आणि सकाळ-संध्याकाळचा फायदा तेवढा कमी होतो. दाट रांगा आणि मोठा लाभ हे एकत्र मागता येत नाही.

जमिनीला पूर्व-पश्चिम उतार असेल तर सपाट जमिनीचं सूत्र चुकतं, आणि प्रत्येक रांगेचा उतार कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. हे काम उभारणीच्या घाईत सर्रास राहून जातं.

घड्याळाची गोष्ट तर त्याहून साधी. एका प्रकल्पात सकाळी साडेसात ते साडेआठ वीज खाली वाकत होती, संध्याकाळ मात्र ठीक होती. आम्ही आठवडाभर पॅनेल धुतली. शेवटी कळलं की बॅटरी बदलल्यावर कंट्रोलरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलं होतं. वीस मिनिटं म्हणजे सूर्याचे पाच अंश. पाच अंशांच्या कोनचुकीने थेट उन्हातला तोटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ट्रॅकर सकाळी वेळेआधीच पूर्वेकडे कलत होता, आणि मागच्या रांगेच्या खालच्या कडेवर सावलीची बारीक पट्टी पडत होती. ती पट्टी पेशींची एक अख्खी ओळ झाकते, झाकलेल्या पेशींना वगळून करंट वळवणारे बायपास डायोड चालू होतात आणि वीज पायऱ्या-पायऱ्यांनी घसरते. घड्याळ मागे असेल तर हीच लक्षणं संध्याकाळी दिसतात. ही खूण लक्षात ठेवा: धूळ दिवसभर सारख्या प्रमाणात खाते, घड्याळ दिवसाची एकच बाजू खातं.

उतार आणि घड्याळ मिळून दीड टक्का वजा करू. उरले चौदा.

अडकलेल्या रांगा

पोलाद क्वचित मोडतं. बंद पडतात ते कंट्रोलर, छोटी बॅटरी, संदेश पाठवणारा रेडिओ, आणि मग मोटर-गिअर. दर रांगेला वेगळी मोटर असेल तर एक रांग थांबते. अनेक रांगा एकाच मोटरला जोडल्या असतील तर भाग कमी, पण बिघाड झाला की अख्खा गट थांबतो आणि मधला दांडा धुण्याच्या गाड्यांना आडवा येतो. माझा कल वेगळ्या मोटरकडे, पण बदली भाग आवारात ठेवायची तयारी असेल तरच.

अडकलेली रांग शोधायला सॉफ्टवेअरमधल्या कोनावर विसंबू नका. कधी कधी कोनमापक स्वतःच तिरका बसवलेला असतो. शेजारच्या रांगेच्या स्ट्रिंगशी, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या साखळीशी, करंटचं गुणोत्तर सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चारला पाहा. ते दिवसभरात हळूहळू सरकत असेल तर रांग अडकली आहे, आणि ज्या वेळी गुणोत्तर सर्वात चांगलं, त्या वेळच्या सूर्याच्या कोनाजवळ ती अडकली आहे.

वर्षभर सरासरी चार टक्के रांगा थांबल्या आणि प्रत्येकीने पाचवा हिस्सा गमावला तर सुमारे 0.9 टक्का जातो. वाऱ्यात पॅनेल सुरक्षित कोनात नेण्याचे तास आणखी 0.6 खातात. ते वाढले असतील तर आधी वाऱ्याचा सेन्सर तपासा. मर्यादा आपल्या मनाने वाढवू नका, ती ढाच्याच्या डिझाइनशी बांधलेली असते.

उरले साडेबारा. अजून बरोबरीच्या वर आहोत. पण बाराव्या-तेराव्या वर्षी बदलायच्या बॅटऱ्या, मोटरी आणि त्यांची मजुरी देखभालीत धरली का? ती धरून देखभाल 2.0 ऐवजी 2.3 झाली, तर वर्षाचा खर्च 13.1 होतो आणि बरोबरीचा आकडा 13.9 वर जातो. साडेबारा आता तोट्यात आहे. ट्रॅकर तोच, ऊन तेच, फक्त देखभालीची एक ओळ खरी लिहिली.

दुरुस्तीला माणूस कधी पाठवायचा हेही याच हिशेबात बसतं. 50 किलोवॉटची रांग दिवसाला साधारण 250 युनिट देत असेल आणि ती आडवी अडकली असेल, तर रोज चाळीसेक युनिट जातात. अशा चार-पाच रांगा साठल्या की एकाच फेरीत उरकाव्यात. पण तीच रांग पश्चिमेकडे 55 अंशांवर अडकली तर तिची निम्म्याच्या जवळ वीज जाते आणि शेजारच्या रांगेवरही सकाळी-संध्याकाळी सावली पडते. तिच्यासाठी त्याच दिवशी जावं, आणि मोटर हलत नसेल तर हँडलने निदान आडवी करून यावं.